‘असतं तर’ आणि ‘हवं होतं’



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते गुरुजी मराठी आणि इंग्रजी अशी दोन्ही व्याकरणं शिकवत. त्यांच्या नावाने बोलायचं तर विषयही दोन्ही भाषांत पाय असलेला हवा, म्हणून मी वाक्यांचा एक लहानसा प्रकार घेतला आहे. झालेल्या गोष्टीची खंत आणि आहे त्या स्थितीबद्दलची नाराजी आपण ज्या वाक्यांतून बोलतो, ती वाक्यं. इंग्रजीत ती ‘विश’ किंवा ‘इफ ओन्ली’ने सुरू होतात. मराठीत ती बहुतेक वेळा ‘तर’वर येऊन थांबतात. विषय व्याकरणाचा असला तरी फळा आणि खडू लागणार नाहीत, एवढं आश्वासन देतो.

इंग्रजीपासून सुरुवात करू, कारण तिथला नियम आखीव आहे आणि आपली मुलं नेमकी तिथेच अडखळतात. ‘आय विश आय हॅड अ कार’ असं कोणी म्हणालं, तर त्याच्याकडे आज गाडी नाही आणि ते त्याला खुपतं आहे. बोलणं आजचं आहे, क्रियापद मात्र भूतकाळी. ‘आय विश आय हॅड लिसन्ड टू माय फादर’ असं म्हणणाऱ्याने वडिलांचं तेव्हा ऐकलं नाही. इथे गोष्टच भूतकाळातली आहे, म्हणून क्रियापद आणखी एक पायरी मागे, पूर्ण भूतकाळात गेलं. जे खरं नाही ते सांगताना क्रियापदाने काळाची एक पायरी मागे जायचं, असा हा सगळा नियम आहे. आजची नाराजी एक पायरी मागे आणि कालची खंत दोन पायऱ्या मागे. तिसरा प्रकार ‘वुड’चा. पाऊस थांबत नाही, शेजारी गाणी मोठ्याने लावतो, मुलगा फोन उचलत नाही, म्हणजे दुसऱ्याच्या हातात असलेली आणि तो बदलत नसलेली गोष्ट. ‘आय विश इट वुड स्टॉप रेनिंग’ यात नाराजीबरोबर थोडी चिडचिडही असते. स्वतःबद्दल आणि स्थिर स्थितीबद्दल हा ‘वुड’ चालत नाही. ‘आय विश आय वुड बी टॉल’ हे वाक्य त्यामुळेच चुकतं, कारण उंची म्हणजे कोणी हट्टाने न केलेलं काम नव्हे.

या वाक्यांची परीक्षा करायची एक सोपी युक्ती आहे. वाक्याच्या खाली खरी वस्तुस्थिती साध्या वाक्यात लिहायची. ‘गाडी असती तर’च्या खाली ‘गाडी नाही’. ‘ऐकलं असतं तर’च्या खाली ‘ऐकलं नाही’. ‘मी बोललो नसतो तर’च्या खाली ‘मी बोललो’. होकार आणि नकार प्रत्येक वेळी उलटतात. ज्या वाक्याखाली असं उलटं वाक्य लिहिता येत नाही, ते खंतीचं वाक्य नाही, ती नुसती इच्छा आहे. ‘उद्या पाऊस यावा’ याखाली काय लिहिणार? उद्याचं कोणालाच माहीत नाही. इंग्रजीत तिथे ‘होप’ येतं. आपल्या शाळेच्या व्याकरणात मात्र ‘पाऊस पडला तर पीक येईल’ आणि ‘पाऊस पडला असता तर पीक आलं असतं’ ही दोन्ही वाक्यं संकेतार्थी म्हणून एकाच रकान्यात बसतात. पहिल्या वाक्यात शेतकरी आभाळाकडे बघतो आहे, दुसऱ्यात त्याचा हंगाम गेलेला आहे. त्यांना एका रकान्यात बसवणं मला मुळीच पटत नाही.

आता मराठीकडे येऊ. 1836 साली दादोबा पांडुरंगांनी मराठीचं व्याकरण लिहिलं आणि 1911 मध्ये मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ आलं. तेव्हापासून स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ ही क्रियापदाच्या अर्थांची नावं आपल्या कानावर आहेत. जुन्या वळणात ‘तो येता तर’ असं एकटं रूपही भेटतं. आजच्या बोलण्यात त्याची जागा ‘आला असता तर’ने घेतली आहे आणि ‘असता, असती, असतं’ हा त्या वाक्याचा कणा झाला आहे.

या कण्याचा एक गुण नीट पाहण्यासारखा आहे. ‘माझ्याकडे पैसे असते तर मी ते घर घेतलं असतं.’ हे वाक्य दोन माणसं म्हणताहेत असं समजा. एकाला 1995 साली एक घर आवडलं होतं, हात आखडता होता, घर दुसऱ्याने घेतलं. दुसरा माणूस आज सकाळच्या वर्तमानपत्रातली जाहिरात बघून बोलतो आहे. वाक्य दोघांचं अक्षरशः एकच. कधीची गोष्ट आहे हे मराठी क्रियापद सांगत नाही. ते सांगायचं काम ‘तेव्हा’, ‘आज’ अशा शब्दांवर किंवा सरळ समोरच्याच्या समजुतीवर सोडलेलं असतं. इंग्रजीला अशी सोय नाही. 1995 च्या माणसाला ‘हॅड हॅड’ आणि ‘वुड हॅव बॉट’ म्हणावं लागतं, आजच्या माणसाला ‘हॅड’ आणि ‘वुड बाय’. काळ सांगितल्याशिवाय इंग्रजी माणसाला नुसती हळहळसुद्धा करता येत नाही.

म्हणजे मराठी ढोबळ आहे असा निष्कर्ष कोणी काढेल, तर तो घाईचा ठरेल. मराठीही भेद करते, पण वेगळ्या जागी. ‘तो पुण्यात राहिला असता तर’ आणि ‘तो पुण्यात राहत असता तर’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवा. पहिल्यात राहण्याचा निर्णय झाला नाही आणि ती वेळ गेली. दुसऱ्यात राहणं ही चालू गोष्ट आहे, आपल्याला हवी असलेली पण नसलेली. इंग्रजी ‘कधी’ असं विचारते. मराठी विचारते, ‘काम पुरं झालं असतं, की चालू राहिलं असतं?’ ‘असणे’ या क्रियापदाला पुरं होणं ठाऊक नाही, म्हणून पैशाच्या वाक्यात हा भेद दिसेनासा होतो आणि दोन माणसं एकच वाक्य म्हणू शकतात.

मराठी मुलांच्या इंग्रजीतली ठरलेली चूक इथेच जन्मते. मराठी वाक्याचे दोन्ही भाग एकाच कापडाचे असतात. ‘मला कळलं असतं तर मी आलो असतो.’ इकडेही ‘असतं’, तिकडेही ‘असतो’. मुलगा इंग्रजीतही दोन्ही बाजूंना सारखं कापड लावतो आणि ‘इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव कम’ असं लिहितो. इंग्रजीत दोन बाजूंची कापडं वेगळी असतात. अटीच्या बाजूला ‘हॅड’, परिणामाच्या बाजूला ‘वुड हॅव’. ‘विश’च्या पुढे फक्त अटीची बाजू येते, म्हणून तिथे ‘आय विश आय हॅड नोन’ हवं. ‘आय विश आय वुड हॅव नोन’ हे अमेरिकेत बोलताना ऐकू येतं, ही गोष्ट खरी. पण परीक्षक अमेरिकेत राहत नाहीत.

दुसरी ठरलेली चूक ‘आय विश आय हॅव’ अशी. मुलाला वाटतं, गोष्ट आजची आहे तर क्रियापदही आजचं पाहिजे. त्याला नियम पाठ करायला लावण्याआधी त्याची स्वतःची मराठी दाखवावी. आपण एखाद्या कचेरीच्या दारात उभे राहून म्हणतो, ‘साहेब आहेत का? जरा भेटायचं होतं.’ भेटायचं आत्ता आहे, मग ‘होतं’ का? दुकानदाराला आपण म्हणतो, ‘एक छत्री हवी होती.’ छत्री आज हवी आहे, बाहेर पाऊस पडतो आहे, तरी ‘होती’. आपली गरज समोरच्यावर आदळू नये म्हणून आपण क्रियापद जरा लांब नेऊन ठेवतो. भूतकाळाचं रूप हे नेहमी घड्याळाचं नसतं, कधी ते अंतराचं असतं. आपण ते अंतर अदबीसाठी वापरतो, इंग्रजी वस्तुस्थितीपासून लांब जाण्यासाठी वापरते. हे एकदा कळलं की ‘आय विश आय हॅड’मधला ‘हॅड’ मुलाला परका वाटत नाही.

आता ‘इफ ओन्ली’. अर्थाने ते ‘विश’सारखंच, फक्त जास्त तीव्र. त्याची खोड अशी की त्याला परिणामाची बाजू लागत नाही, अट सांगून वाक्य संपतं. मराठीत हे रोजचं आहे. ‘आई असती तर!’ एवढं म्हणून माणूस गप्प होतो आणि पुढचं कोणी विचारत नाही. फरक इतकाच की इंग्रजी माणूस पहिल्या दोन शब्दांतच सांगून टाकतो की आता हळहळ येणार. मराठी ऐकणाऱ्याला ‘तर’ येईपर्यंत वाट बघावी लागते आणि ‘तर’नंतर काही येत नाही हे कळायला आणखी एक क्षण जातो. हिंदीतला ‘काश’ अलीकडे शहरी मराठीत घुसला आहे, तो बहुधा ही वाट बघणं टाळण्यासाठी. मला त्याचा राग नाही, पण ‘काश आई असती तर’ म्हणणारा माणूस दोनदा हळहळतो आणि एकदाच ऐकू येतो.

याच ‘तर’ची टर उडवणारी म्हणही आपल्याकडे आहे. आत्याबाईला मिशा असत्या तर! पुढचं वाक्य सांगायची गरजच उरत नाही. कोणी निष्फळ हळहळ करू लागला की घरातलं कोणीतरी आत्याबाईला पुढे करतं आणि चर्चा संपते. पण सगळी हळहळ आत्याबाईच्या मिशांइतकी अशक्य नसते, आणि माणसं नेमकी कुठल्या गोष्टीवर हळहळतात याला काही ठरावीक रीत असते.

डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1982 मध्ये या रीतीबद्दल लिहिलं. एक माणूस ऑफिसातून घरी जाताना अपघातात मरतो, अशी गोष्ट त्यांनी लोकांना दिली. काहींच्या गोष्टीत तो त्या दिवशी नेहमीचा रस्ता सोडून दुसऱ्या रस्त्याने गेला होता, काहींच्या गोष्टीत तो नेहमीपेक्षा लवकर निघाला होता. मग विचारलं, घरचे लोक ‘असं झालं असतं तर’ म्हणून काय म्हणतील? ज्यांच्या गोष्टीत रस्ता वेगळा होता ते रस्ता बदलत, ज्यांच्या गोष्टीत वेळ वेगळी होती ते वेळ बदलत. मन नेहमीची गोष्ट तशीच ठेवतं आणि वेगळी गोष्ट पुसून बघतं.

ही रीत पानिपताला लावून बघा. 14 जानेवारी 1761. महाराष्ट्रात त्या लढाईबद्दल सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य कुठलं? ‘विश्वासराव पडले नसते तर.’ गोळी लागणं ही एका क्षणाची, ठसठशीत आणि वेगळी घटना. ती पुसणं सोपं. त्याआधी कित्येक आठवडे छावणीची रसद तुटलेली होती, माणसं आणि जनावरं उपाशी होती, लढाईला निघालेलं सैन्य भुकेने थकलेलं होतं. ‘दाणागोटा वेळेवर पोहोचला असता तर’ असं म्हणणारी माणसंही आहेत, पण ती बहुतेक इतिहासाची अभ्यासक आहेत. भूक रोजची असते, गोळी एकदाच येते. जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या विज्ञानकथेत नेमकी तीच गोळी निवडली. कथेतल्या दुसऱ्या जगात गोळी विश्वासरावांना चाटून जाते आणि इतिहास वेगळी वाट धरतो. कथेला सोयीची जागा तीच होती आणि लोकांच्या मनातली हळहळही आधीपासून तिथेच जमलेली होती. इतिहासाच्या पुस्तकाने मात्र तिथे थांबून चालत नाही.

आतापर्यंत मी ‘असतं तर’बद्दल बोललो. मराठीची खरी श्रीमंती मला वाटते ती त्याच्या जोडीला असलेल्या ‘हवं होतं’मध्ये. ‘मी गेलो असतो तर’ आणि ‘मी जायला हवं होतं’ या दोन्हींच्या खाली वस्तुस्थिती एकच लिहावी लागते, ‘मी गेलो नाही’. पण पहिल्या वाक्यात मी घटनेकडे बघतो आहे आणि दुसऱ्यात स्वतःकडे. पहिली खंत, दुसरा दोषारोप. इंग्रजीतही ‘शुड हॅव’ आहे, पण आपण ही दोन वाक्यं ज्या सहजतेने एका श्वासात आळीपाळीने वापरतो, तिच्यामुळे दोष कुणाकडे सरकतो आहे हे ऐकणाऱ्याला पटकन कळतं.

पी. टी. उषाचं उदाहरण घ्या. 1984, लॉस एंजेलिस, 400 मीटर अडथळा शर्यतीची अंतिम फेरी. उषाची वेळ 55.42 सेकंद. रुमानियाच्या क्रिस्तिआना कोजोकारूची 55.41. कांस्यपदक एका शतांश सेकंदाने गेलं. शेवटच्या रेषेवर छाती पुढे झोकण्याबद्दल पुढे खूप बोललं गेलं. ‘छाती पुढे झोकली असती तर’ असं म्हणणारा चाहता तिच्या बाजूचा आहे, तो शतांश सेकंदावर हळहळतो आहे. ‘छाती पुढे झोकायला हवी होती’ असं म्हणणारा तिचा परीक्षक झाला. चहाच्या टपरीवर हे दोघं एकमेकांशी भांडतील, आणि भांडण उषाबद्दल नसेल, क्रियापदाबद्दल असेल.

‘हवं होतं’चं सर्वांत टोकदार रूप कर्ता नसलेलं. मराठी माणूस कुणाच्या घरी भेटायला जातो, घरात नुकताच कोणीतरी गेलेला असतो. आलेले लोक म्हणतात, ‘आधी डॉक्टरांना दाखवलं असतं तर वाचले असते.’ हे वाक्य सगळे सहन करतात, त्यात दुखणं मुख्य असतं. मग एखादे काका म्हणतात, ‘आधी दाखवायला हवं होतं.’ कुणी दाखवायला हवं होतं? वाक्यात कोणीच नाही. तरी खोलीतले सगळे डोळे थोरल्या मुलाकडे वळतात. कर्ता काढून टाकला म्हणून आरोप सौम्य होत नाही. उलट ज्याच्या मनात आधीच ते वाक्य घोळत असतं, तो ती मोकळी जागा स्वतःहून भरतो. काकांना दुखवायचं नसतं हे मी जाणतो. पण भेटायला गेल्यावर ‘हवं होतं’ म्हणू नये, फार तर ‘असतं तर’ म्हणावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘नको होतं’ ही याच घराण्यातली दुसरी शाखा. ‘मी असं बोलायला नको होतं’ यात कबुली आहे. ‘मला असं बोलायचं नव्हतं’ यात सुटका आहे. पहिल्यात चूक माझी, दुसऱ्यात जिभेची. माफीची वाक्यं ऐकताना या दोघांतलं कुठलं आलं ते लक्षपूर्वक ऐकावं. कॅमेऱ्यासमोर मागितलेल्या माफीत दुसरं वाक्य फार वेळा येतं.

थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांनी 1995 मध्ये पश्चात्तापावर एक लेख प्रसिद्ध केला. त्यांचं म्हणणं असं की थोड्या काळापुरतं पाहिलं तर माणसाला केलेल्या गोष्टी जास्त छळतात आणि आयुष्यभराचा हिशेब पाहिला तर न केलेल्या. मराठीत सांगायचं तर ‘नको होतं’ लवकर येतं आणि लवकर ओसरतं. ‘हवं होतं’ उशिरा येतं आणि मुक्काम करतं. शिकायला हवं होतं, आईजवळ बसायला हवं होतं, त्या माणसाला एकदा तरी फोन करायला हवा होता. केलेल्या चुकीची भरपाई करता येते, तिच्यावर कधी हसताही येतं. न केलेल्या गोष्टीला शेवट नसतो, कारण ती केली असती तर काय झालं असतं याला मर्यादा घालणारं काहीच घडलेलं नसतं. म्हणून ‘शिकलो असतो तर’च्या पुढे माणूस वकील होतो, कलेक्टर होतो, परदेशी जातो. अटीच्या बाजूला एक गोष्ट आणि परिणामाच्या बाजूला अख्खं आयुष्य. त्या वाक्याखाली वस्तुस्थिती लिहायला बसलं तर मात्र ती एवढीच निघते, ‘शिकलो नाही’. कलेक्टर झालो असतो की नाही, हे लिहिण्यासारखं खाली काही सापडत नाही.

आहे त्या स्थितीबद्दलच्या नाराजीचं तंत्र थोडं निराळं आहे. तिथे वस्तुस्थिती अजून चालू असते, म्हणजे निदान काही वेळा बदलता येण्याजोगी असते. ‘मला पोहता येत असतं तर’ असं म्हणणाऱ्या माणसाला तलाव दाखवता येतो. ‘मी उंच असतो तर’ म्हणणाऱ्याला काहीच दाखवता येत नाही. व्याकरण या दोघांना एकच रूप देतं आणि तिथे ते अपुरं पडतं. ‘येत असतं’ ऐकलं की त्यापुढे ‘शिकता येईल का’ हा प्रश्न बोलणाऱ्याला विचारता येतो, तेवढं काम व्याकरणाने आपल्यावर सोडलं आहे.

समोर बरेच शिक्षक बसले आहेत, म्हणून शेवटी त्यांना एक विनंती. ‘विश’चा धडा घेताना आधी इंग्रजी वाक्यं फळ्यावर लिहू नका. मुलांकडून त्यांच्या घरातल्या बोलीत खंतीची वाक्यं काढून घ्या, नगरी असो, वऱ्हाडी असो, मालवणी असो. प्रत्येक वाक्याखाली खरी वस्तुस्थिती लिहायला सांगा. मग विचारा, ही वस्तुस्थिती आजची की तेव्हाची. आजची असेल तर इंग्रजीत एक पायरी मागे, तेव्हाची असेल तर दोन, आणि दुसऱ्याने न केलेली असेल तर ‘वुड’. घोकंपट्टीचे तक्ते त्यानंतर काढा. एक तास यासाठी द्या आणि पुढच्या चाचणीत ‘विश’नंतर ‘वुड हॅव’ लिहिणारी मुलं किती उरली ते मोजून पाहा.